व्यक्तिरेखा की चारित्र्याचा दाखला?

मराठीच्या वर्गात 'नायकाचे स्वभावचित्रण' या नावाने जो निबंध लिहिला जातो, त्याचा साचा आता इतका पक्का झाला आहे की कादंबरी न वाचताही तो भरता यावा. नायक कष्टाळू आहे, भावनाप्रधान आहे, परिस्थितीने गांजलेला आहे, त्याच्यात काही उणिवाही आहेत, तथापि तो वाचकाच्या मनात घर करून राहतो. गावच्या सरपंचाने एखाद्या उमेदवाराला चारित्र्याचा दाखला द्यावा, त्याच थाटाचे हे लेखन असते. फरक एवढाच की सरपंच ज्याच्याविषयी लिहितो तो माणूस दाराशी उभा असतो. निबंधकार ज्याच्याविषयी लिहितो तो कोठेही उभा नसतो. तो काही वाक्यांनी उभा केलेला असतो. ही साधी गोष्ट निबंधातून गळून पडते, आणि तिच्यासोबत साहित्याच्या अभ्यासाचे प्रयोजनही गळून पडते.

या चुकीची परीक्षा पाहायची तर ती जेथे सर्वांत स्वाभाविक वाटते तेथे पाहावी. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देशमुख हे बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरचे. त्यांच्या कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे हा एम. ए., बी. एड. होऊनही नोकरीपासून वंचित राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षकाची जागा मिळवायची तर संस्थेला पैसा मोजावा लागतो. तो पैसा शेतीतून निघत नाही. शेतीत उतरलेल्या एकनाथला शेती जगवीत नाही, आणि नोकरीवाला नवरा मिळेल या आशेवर आलेली शिकलेली पत्नी अलका माहेरची वाट धरते. चिखली, मेहकर, देऊळगावराजा या तालुक्यांतील विद्यार्थी ही कादंबरी हाती घेतो तेव्हा त्याला एकनाथ ओळखीचा वाटतो. तो त्याच्या थोरल्या भावासारखा, चुलत्यासारखा, कित्येकदा स्वतःसारखा असतो. मग निबंध लिहायचे कारणच उरत नाही. ओळखीच्या माणसाविषयी जे बोलायचे तेच कागदावर उतरते.

'एकनाथ हा आपल्यातलाच एक आहे' हे वाक्य निबंधाचा समारोप म्हणून लिहिले जाते. वास्तविक ते निबंधाचे पहिले वाक्य असावयास हवे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असावयास हवे. एकनाथ आपल्यातला वाटतो, तो कशामुळे? कोणत्या गोष्टी सांगितल्यामुळे आणि कोणत्या न सांगितल्यामुळे? ओळख पटणे हा वाचनाचा परिणाम आहे. परिणामालाच कारण समजले की विश्लेषण थांबते.

हा वाद नवा नाही. ब्रॅडली या इंग्रज अभ्यासकाने १९०४ साली शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या टिपांत हॅम्लेटचा पिता मेला तेव्हा हॅम्लेट कोठे होता असे प्रश्न गंभीरपणे चर्चिले आहेत. एल. सी. नाइट्स याने १९३३ मध्ये या वृत्तीची टर उडविली ती लेडी मॅकबेथला मुले किती होती, या प्रश्नालाच आपल्या निबंधाचे शीर्षक करून. मराठी वर्गातील याचे भावंड म्हणजे 'एकनाथला नोकरी लागली असती तर अलका परतली असती का?' हा प्रश्न. तो चर्चेला रंगतदार असतो, विद्यार्थी हिरिरीने बोलतात, आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्या स्वतःच्या संसारकल्पनेतून येते. कादंबरीत याचे उत्तर नाही, कारण कादंबरीबाहेर एकनाथ नाही. नोकरी लागलेला एकनाथ हा निबंधकाराने रचलेल्या दुसऱ्या कादंबरीचा नायक होय.

पाश्चात्त्यांचा आधार कोणाला परका वाटत असेल तर घरचा आधार अधिक जुना आहे. श्रीशंकुकाने रससूत्राचे विवरण करताना चित्रतुरगाचा दृष्टांत दिला. चित्रातील घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. पण ते ज्ञान ना खऱ्या घोड्याचे, ना भ्रमाचे, ना संशयाचे, ना सादृश्याचे. ते या चौघांहून वेगळे असते. अभिनवगुप्ताने शंकुकाचे मत खोडले हे खरे, पण त्याने खोडला तो रस अनुमानाने कळतो हा सिद्धान्त. रंगमंचावरील रामाला अयोध्येचा राम समजावे असे त्यालाही म्हणायचे नव्हते. स्वभावचित्रणाचा निबंध मात्र चित्रातल्या घोड्यापुढे गवताची पेंढी टाकतो, आणि घोड्याने ती खाल्ली नाही म्हणून त्याच्या प्रकृतीची चिंता करतो.

मग एकनाथविषयी लिहावयाचे कसे? प्रश्नातील क्रियापद बदलावे. 'एकनाथ कसा आहे' याऐवजी 'एकनाथ कसा केला आहे' असे विचारावे. बदल लहान दिसतो, परंतु त्याने पुराव्याचे स्वरूपच पालटते. पहिल्या प्रश्नाला गुणावगुणांची यादी पुरते. दुसऱ्याला कादंबरीची पाने उलटावी लागतात.

प्रथम त्याची पदवी पाहावी. दाखलावजा निबंधात 'एकनाथ उच्चशिक्षित आहे' हे चरित्रातील तपशिलासारखे येते. तो तपशील काढून टाकून पाहावे: एकनाथ दहावी नापास आहे असे क्षणभर धरावे. मग संस्थेने मागितलेल्या पैशाचा प्रसंग उरत नाही, अलकाच्या अपेक्षेला आधार उरत नाही, बाप सुभानराव आणि मुलगा यांच्यात शेतीच्या प्रश्नावर जे अंतर आहे त्याचे कारण उरत नाही. एका पदवीवर कादंबरीचे इतके भार तोलले आहेत. म्हणजे ती पदवी हा एकनाथचा गुण नसून कादंबरीच्या घराचे आढे आहे. बाप फक्त शेती जाणतो, भाऊ मधू शेतीतून सुटू पाहतो. शेतीत उभे राहून शेतीबाहेरच्या शब्दांत विचार करू शकणारा माणूस कादंबरीला हवा होता, म्हणून एम. ए., बी. एड. हवे होते. ही वजाबाकीची कसोटी कोणत्याही गुणाला लावता येते. जो गुण काढला तरी काहीच कोसळत नाही, तो निबंधात लिहिण्याच्या योग्यतेचा नाही.

याच ठिकाणी दुसरा एक गैरसमजही फिटतो. लेखक याच मातीतला, म्हणून एकनाथ म्हणजे लेखकच, असे सर्रास लिहिले जाते. देशमुख यांनी स्वतः बुलढाण्यात मराठीचे अध्यापन केले आहे. एकनाथला जे कादंबरीने नाकारले ते लेखकाला मिळालेले होते. ओळखीच्या आयुष्यातून नेमकी कोणती गोष्ट काढून घेतली की कादंबरी उभी राहते, याचा हा निर्णय आहे. आत्मचरित्राचा तर्क हा निर्णयच झाकून टाकतो.

त्यानंतर नाव. रस्त्यावरच्या माणसाचे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेले असते आणि त्यावरून त्याच्याविषयी काही सिद्ध होत नाही. कादंबरीतील माणसाचे नाव कादंबरीने ठेवलेले असते. मराठी वाचकाच्या कानावर 'एकनाथ' हे नाव पैठणच्या नाथांची स्मृती घेऊन येते. प्रपंच आणि परमार्थ एकाच घरात नांदविणारा गृहस्थाश्रमी संत ही ती स्मृती. कादंबरीतील एकनाथचा प्रपंच मात्र डोळ्यांदेखत विसकटत जातो. लेखकाने हे योजून केले की सहज घडले, याच्या चौकशीची गरज नाही. नाव पानावर आहे, स्मृती भाषेत आहे, आणि दोघांतील ताण वाचकाला जाणवतो. निबंधाला एवढे पुरेसे आहे.

शीर्षकाचेही तसेच. 'बारोमास' म्हणजे वर्षाचे बारा महिने, शेतीच्या वर्षचक्रासह चालणारे अखंड कष्ट, हा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण उत्तर भारतीय काव्यपरंपरेत बारहमासा हा एक रचनाप्रकारही आहे: पती दूर गेला आहे आणि विरहिणी महिन्यामागून महिना आपले दुःख सांगते. सोळाव्या शतकातील जायसीच्या 'पद्मावत'मधील नागमतीचा बारहमासा प्रसिद्धच आहे. या कादंबरीत दूर जाते ती पत्नी, आणि मागे राहून ऋतू मोजतो तो पुरुष. विरहिणीच्या जागेवर एकनाथ बसविला आहे असे म्हणून पाहिले, तर त्याच्या ज्या हळवेपणाला निबंध 'स्वभाव' म्हणतो, तो हळवेपणा त्या जागेचा धर्म आहे हे दिसू लागते. त्या जागेवर जो बसेल तो वाट पाहील, आठवील, कुढेल. हे वाचन मान्य होवो वा न होवो, ते खोडायचे तर कादंबरीकडेच जावे लागेल. 'माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच हळवा आहे' असे सांगून ते खोडता येणार नाही. वादाची ही शिस्त जुन्या निबंधाने कधी पाळली नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा खटाटोप करायचा, तो मुद्दा अलकाचा. कादंबरीचे निवेदन बहुतांशी एकनाथच्या निकट राहते. शेत, घर, बाजार त्याच्या नजरेतून येतात आणि त्याचे मन आतून दिसते. अलका दिसते ती मुख्यतः बाहेरून: तिचे बोलणे, तिचा त्रागा, तिचे निघून जाणे. दोन माणसांच्या भांडणात एकाचे मन उघडे आणि दुसऱ्याचे फक्त शब्द ऐकू येत असतील, तर न्याय कोणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला नको. दाखलावजा निबंधात पुढे काय होते ते ठरलेलेच आहे. 'एकनाथ सोशिक आहे, अलका मात्र स्वार्थी व समजूतदारपणाचा अभाव असलेली आहे.' निवेदकाने कोणाशेजारी आसन मांडले, याची जी नोंद हवी होती, तिची जागा एका बाईच्या शीलावरील अभिप्राय घेतो. हा अभिप्राय अलकाला लागत नाही, कारण अलकाही वाक्यांचीच आहे. तो लागतो वर्गातल्या मागच्या बाकांवर बसलेल्या मुलींना. नोकरी नसलेल्या, शेती तोट्यात असलेल्या घरात आपले लग्न ठरू नये असे म्हणणाऱ्या या मुलींना मराठीच्या तासाला कळते की असे म्हणणे हा स्वभावदोष आहे आणि त्याला परीक्षेत गुण मिळतात.

रचनेच्या दृष्टीने लिहिलेला निबंध येथे निराळे वाक्य लिहू शकतो. उदाहरणार्थ: 'निवेदन एकनाथच्या मनात शिरते आणि अलकाच्या दाराशी थांबते, त्यामुळे एकनाथची निष्क्रियता वाचकाला वेदना म्हणून कळते आणि अलकाची कृती दुखापत म्हणून. तथापि तिच्या तक्रारीत जे हिशेब आहेत ते कादंबरीने खोटे ठरविलेले नाहीत. एकनाथच्या परिस्थितीचे जे वर्णन इतरत्र येते ते तिच्या बाजूनेच साक्ष देते. म्हणून एकनाथविषयीची आपली सहानुभूती ही कादंबरीने घडविलेली आणि कादंबरीनेच अस्वस्थ केलेली आहे.' या चार वाक्यांत गुणवर्णन नाही, पण व्यक्तिरेखा आहे. आणि प्रत्येक विधान पान उघडून तपासता येईल असे आहे. एकनाथविषयीचा जिव्हाळा त्यात कमी झालेला नाही. तो कसा निर्माण झाला हे मात्र कळले आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो सभ्यपणे बाजूला सारण्याजोगा नाही. बुलढाणा हा पश्चिम विदर्भाच्या शेतकरी-आत्महत्यांच्या पट्ट्यातील जिल्हा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत तो होता. जेथे माणसे खरोखर मरतात तेथे शेतकरी नायकाला 'रचना' म्हणणे ही निर्दय चैन आहे, असे हा आक्षेप म्हणतो. त्यामागील भावना आदरणीय आहे. त्यातील तर्क मात्र उलटा आहे. खऱ्या शेतकऱ्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो. त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा, बँकेचे खाते, सावकाराची चिठ्ठी पाहता येते. आपण त्याच्याविषयी चुकीचे लिहिले तर तो, किंवा तो नसेल तर त्याचे घर, ते खोडून काढू शकते. एकनाथ यांतले काहीच करू शकत नाही. त्याच्याविषयी जे कळायचे ते पानांत संपले आहे. ज्याला चौकशी लावायची त्याच्याविषयी वाचन करीत बसणे आणि ज्याचे वाचन करायचे त्याची चौकशी करणे, या दोन्हींत फसवणूक आहे. एकनाथला खरा शेतकरी मानणारा निबंध खऱ्या शेतकऱ्याचा कैवार घेत नाही. त्याची जागा एका सोयीच्या, कधीही प्रतिवाद न करणाऱ्या प्रतिनिधीला देतो.

कालक्रमही येथे ध्यानात ठेवावा. कादंबरी २००२ ची, योजना २००६ ची. नंतरच्या वर्षांत अहवालांनी आणि वृत्तपत्रांनी 'विदर्भातील शेतकरी' नावाची जी प्रतिमा तयार केली, तीही एक रचनाच होती. पुढचे निबंध ती प्रतिमा मागे नेऊन एकनाथवर चढवितात आणि मग कादंबरी अहवालाचे सचित्र परिशिष्ट होऊन बसते. अहवालात मावणार नाहीत अशा गोष्टी, पदवीने दिलेली भाषा आणि त्या भाषेने आणलेला एकटेपणा, वाट पाहण्याची ती विरहिणीची जागा, अलकाचे न दिसणारे मन, या अशा निबंधातून नाहीशा होतात. कादंबरीत जे अहवालाहून अधिक आहे तेच नेमके वाया जाते.

उलट दिशेने होणारी चूकही सांगितली पाहिजे, कारण अलीकडे तीच विद्वत्ता म्हणून खपते. प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांतील पात्रांची कार्ये मांडली, ग्रेमासने १९६६ मध्ये सहा भूमिकांचा आराखडा दिला. तो आराखडा हाती लागताच निबंध तयार होतो: कर्ता एकनाथ, इष्टवस्तू नोकरी, विरोधक व्यवस्था. चौकटी भरल्या, व्यक्तिरेखा सुटली. हे लेखन पहिल्याइतकेच न वाचता करता येते. त्याची परीक्षा सोपी आहे. निबंधातील नाव बदलावे. एकनाथ तनपुरेच्या जागी 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर घातला आणि निबंध तसाच उभा राहिला, तर तो दोघांविषयीही नाही. पांडुरंग १९६३ च्या कादंबरीत स्वतःच स्वतःला सांगतो. त्याची रचना 'मी' या सर्वनामातून होते आणि तो वाचकाला चकवीत राहतो. एकनाथला दुसरा कोणी सांगतो. हा भेद ज्या निबंधाला दिसला नाही त्याने आराखडा वाचला, कादंबरी नव्हे. 'एकनाथ हे पीडित शेतकऱ्याचे प्रतीक आहे' हे वाक्यही याच जातीचे. प्रतीक म्हटले की तपशील वाचण्याचे कष्ट वाचतात.

व्यक्तिरेखा ही रचना आहे याचा अर्थ ती पोकळ आहे असा होत नाही. तिची सामग्री जगातूनच येते: येथली बोली, येथली जमीन, येथले लग्नाचे आणि नोकरीचे व्यवहार. सामग्री खरी असते म्हणूनच चिखलीचा विद्यार्थी ओळखतो. पण विटा खऱ्या आहेत म्हणून घर आपोआप उभे राहत नाही, आणि घराचे वर्णन करताना 'विटा चांगल्या भाजलेल्या आहेत' एवढेच लिहून भागत नाही. भिंत कोठे घातली, खिडकी कोणत्या बाजूला ठेवली, कोणाच्या खोलीला खिडकीच ठेवली नाही, हे सांगावे लागते.

यास विद्यार्थ्यांपेक्षा प्रश्नपत्रिका काढणारे अधिक जबाबदार आहेत. 'एकनाथचे स्वभावचित्रण करा' असे विचारल्यावर दाखलाच मिळणार. 'एकनाथविषयी वाचकाला सहानुभूती वाटावी यासाठी निवेदनात कोणत्या योजना दिसतात, आणि त्यांची किंमत कोणत्या पात्राला द्यावी लागते?' असे विचारून पाहावे. उत्तरे लांबीने कमी येतील, काही कोरीही येतील. तपासणाऱ्यालाही कादंबरी पुन्हा उघडावी लागेल, आणि जुना प्रश्न वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे खरे कारण बहुधा तेच असावे.